दारातली सही

"वहिनी, तुम्ही इन्शुरन्समध्ये जन्मभर पत्रं लिहिलीत. यावर जरा एक हात फिरवा," असं म्हणून भाऊजींनी कागद थेट माझ्या मटारांच्या ताटात ठेवला. सुट्टीचा दिवस, सकाळची वेळ, अजून दुसरा चहासुद्धा झाला नव्हता.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. सेक्रेटरी झाल्यापासून त्यांच्या खिशाला दोन पेनं असतात, एक निळं आणि एक लाल. निळं बहुतेक अजून पहिल्याच रिफिलवर असावं.

मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. वर ठळक अक्षरात 'कडक सूचना', पुढे दोन उद्गारचिन्हं. खाली मजकूर: 'खालील फुकट्या सभासदांमुळे प्रामाणिक सभासदांना जिने चढावे लागत आहेत. त्यांनी थोडी तरी लाज बाळगून मेंटेनन्सची थकबाकी तात्काळ भरावी.' आणि त्याखाली फ्लॅट नंबर, त्यापुढे रकमा. सगळं लाल.

"हे कुठे लावणार?"

"लिफ्टशेजारच्या बोर्डावर. येता जाता सगळ्यांना दिसेल. लाज वाटली की पैसे बरोबर बाहेर पडतात, वहिनी. मी माणसं ओळखतो."

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी फार मोठ्या मनाची बाई आहे. लिफ्ट बंद होती म्हणून माझंही डोकं फिरलेलं होतं. लिफ्ट कंपनीचा वर्षाचा करार संपला होता, मागचं बिल चुकतं केल्याशिवाय ते नवा करार करायला तयार नव्हते, आणि सोसायटीच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते. आम्ही चौथ्या मजल्यावर. ह्यांची बायपास झालेली. डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलंय आणि जिने चढू नका असंही सांगितलंय. म्हणजे खाली उतरायचं आणि मग तिथेच राहायचं की काय? हे बिचारे महिनाभर गॅलरीत येरझारा घालत होते. पैसे बुडवणाऱ्यांच्या नावानं मी रोज जिन्यात बोटं मोडत होते. त्यामुळे नोटीस कडक असायला माझी काडीची हरकत नव्हती.

पण यादीतला दुसराच नंबर पाहिला आणि माझा हात थांबला. पहिल्या मजल्यावरचं पाळणाघर.

त्या पोरीला सगळी बिल्डिंग ताई म्हणते, म्हणून मीही म्हणते, खरं तर माझ्या लेकीच्या वयाची आहे. नवऱ्याची कंपनी बंद पडली, तो दुसऱ्या गावी मिळेल ते काम करतो, पैसे पाठवतो तर पाठवतो. घर चालतं ते पाळणाघरावर. सकाळी आया आणि बाप पोरांना सोडतात, संध्याकाळी न्यायला येतात, आणि उभे कुठे राहतात? लिफ्टपाशी. बोर्डासमोर.

"भाऊजी," मी म्हटलं, "हिचा नंबर तुम्ही तिथे लावलात तर पोरांच्या आया काय म्हणतील?"

"काय म्हणतील? म्हणतील पैसे भर."

"नाही. म्हणतील, हिच्याकडे पैसे नाहीत, उद्या हिचं पाणी तोडतील, परवा ही घर सोडून जाईल, आपण दुसरं पाळणाघर बघू. आणि पोरं गेली की तुमची बाकी ती कुठून देणार? तुमच्या लाल पेनातून?"

हे आत पेपर वाचत होते, तिथून हसले. भाऊजींना ते लागलं. "दादा, तू हस. उद्या लिफ्ट सुरू नाही झाली तर वहिनीच तुला पाठीवर घेऊन खाली नेतील."

"तिनं आयुष्यभर वाहिलंच आहे मला," हे म्हणाले. "तू नोटीस लिहून घे तिच्याकडून. गपगुमान लिहून घे."

मग मी मटार बाजूला सारले आणि बसले. सगळ्यात आधी यादी काढली. बोर्डावर काय लागेल? तर फक्त एवढंच, की लिफ्टच्या करारासाठी एकूण एवढी रक्कम कमी पडते आहे, पंधरा तारखेपर्यंत जमली तर लिफ्ट सुरू होईल. कुणाचा नंबर नाही, नाव नाही. ज्याचं देणं त्याला वेगळं पत्र, बंद पाकिटात.

"त्यात तरी फुकटे म्हणू का?" भाऊजी म्हणाले.

"तुम्हाला कुणी पत्रातून फुकट्या म्हटलं तर तुम्ही पैसे भराल की आधी भांडायला याल?"

"भांडायला येईन."

"मग? आपल्याला भांडण हवंय की लिफ्ट?"

एकेक वाक्य आम्ही असं रडतखडत पुढे नेलं. त्यांना 'अन्यथा' हवं होतं, मी तारीख घातली. त्यांना 'परिणामांना सामोरे जावे' हवं होतं, मी म्हटलं, परिणाम कोणते ते सरळ लिहा, मोघम धमकी दिली की माणूस एकतर घाबरतो नाहीतर हसतो. शेवटी पत्र झालं ते असं:

'सप्रेम नमस्कार. लिफ्टचं मागचं बिल भरल्याशिवाय नवा करार होत नाही, आणि आपल्याकडे ज्येष्ठ मंडळी व लहान मुलं बरीच आहेत. आपल्या खात्यावर आजमितीस पुढील रक्कम बाकी दिसते, तपशील मागच्या बाजूस आहे. ती पंधरा तारखेपर्यंत भरावी ही विनंती. एकदम भरणं जमत नसेल तर सेक्रेटरींना भेटून हप्ते ठरवून घ्यावेत. हे बोलणं ऑफिसबाहेर जाणार नाही. पंधरा तारखेपर्यंत पैसे किंवा निरोप, दोन्हींपैकी काहीच आलं नाही, तर नियमाप्रमाणे व्याज लागेल आणि वसुलीची पुढची कारवाई समितीला करावीच लागेल. हिशेबात आमची चूक वाटली तर जरूर सांगा. दरम्यान पैसे भरले असतील तर हे पत्र विसरून जा आणि आमचे आभार घ्या.'

भाऊजींनी ते दोनदा वाचलं. "गोड आहे," ते नाराजीनं म्हणाले, "पण निसटायला जागा नाही ठेवलीत."

"पंचवीस वर्षं हेच केलंय," मी म्हटलं, आणि खरं सांगते, मला स्वतःचा फार अभिमान वाटला. त्या भरात हात आपोआप खाली गेला आणि ऑफिसात प्रत्येक पत्राखाली लिहायचे तेच मी लिहिलं: 'पत्र मिळाल्याची सही घ्यावी.' मग मी मटार सोलायला घेतले.

चार दिवसांनी संध्याकाळी मी भाजी घेऊन वर येत होते. पहिल्या मजल्यावर श्वास घ्यायला टेकले, कारण माझे गुडघे तिथे पहिला संप करतात. पाळणाघराचं दार उघडं होतं. पोरांना न्यायची वेळ. दारात चपलांचा ढीग, दप्तरं, कुणाचा तरी एक बूट सापडत नव्हता. तिसऱ्या मजल्यावरची बँकेतली बाई मुलीच्या केसांचं रबर शोधत होती. बाहेरून येणारे एक गृहस्थ त्यांच्या जुळ्या मुलांना हाताला धरून उभे होते. ताईच्या कडेवर एक रडकं बाळ.

एवढ्यात खालून वॉचमन आला. काखेत लांबलचक वही, हातात पाकिटं.

"ताई, थकबाकीच्या पत्रावर सही पाहिजे."

दारातल्या सगळ्यांच्या माना वहीकडे वळल्या. बूट शोधणारं पोरसुद्धा वर बघायला लागलं.

"इथे ठेवा ना, मी नंतर देते," ताई हळूच म्हणाली.

"नाही ताई, साहेबांनी सांगितलंय, सही घेतल्याशिवाय दारातून हलायचं नाही. ज्यांची ज्यांची बाकी आहे त्यांची सगळ्यांची सही पाहिजे." त्याचा काय दोष? त्याला जे सांगितलं ते तो मोठ्या आवाजात, इमानानं सांगत होता. वही त्यानं उघडून धरली. पानाच्या वर भाऊजींच्या हातचं लाल अक्षर मला जिन्यातूनसुद्धा दिसलं: 'थकबाकीदार पोच'.

ताईनं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सही केली. बँकेतली बाई म्हणाली, "अगं बाई! किती महिन्यांची गं?" जुळ्यांच्या बाबांनी आत स्वयंपाकघराच्या नळाकडे बघितलं आणि विचारलं, "पाणीबिणी बंद नाही ना करणार? मुलं दिवसभर असतात इथे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी भाऊजींवर, मग त्या बाईवर, आणि मग भाजीची पिशवी हातात तशीच असताना मला आठवलं की सही घ्या हे त्या पत्रावर लिहिलंय कुणी. मीच! एकेका शब्दाला इस्त्री केली, 'आहे'चं 'दिसते' केलं, आणि ते पत्र दारापर्यंत कसं जाणार याचा विचार मात्र केला नाही. ऑफिसात पत्रं पोस्टमन न्यायचा. तिथे समोर कोण उभं आहे हे मला कधी बघावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं यायच्या आधी ताई वर आली. हातात माझं पत्र होतं.

"काकू, हे तुम्ही लिहिलंय ना? सेक्रेटरी काकांची भाषा नाही ही." ती बसली नाही, दारातच उभी राहिली. "फार छान लिहिलंय. खरंच. रात्री वाचलं आणि वाटलं, हप्त्यांचं आपण आधीच जाऊन बोलायला हवं होतं. पण काकू, काल दारात कुणाला हे वाचता आलं? बंद होतं ना पाकीट."

"कोण काय म्हणालं?"

"जुळ्यांचे बाबा पुढच्या आठवड्यापासून दुसरीकडे सोडणार म्हणतात. बँकेतल्या ताई विचार करून सांगते म्हणाल्या." तिचा आवाज एवढा सरळ होता की मला रडूच कोसळेल असं वाटलं. "तिघंही गेली तर माझ्याकडे चारच उरतात. चारांत घर नाही चालत, काकू. मग खोली विकून जावं लागेल. पहिला हप्ता मी आणून देते, पण तेवढं त्यांना सांगाल का, की वही घेऊन परत नका येऊ?"

मी गॅस बंद केला आणि तशीच खाली सोसायटीच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे मीटररूमच्या शेजारची खोली, एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक पंखा, आणि त्याखाली भाऊजी.

"चमत्कार झालाय, वहिनी!" ते खुशीत होते. "तिघांनी एका रात्रीत पैसे भरले. तुमच्या पत्राची कमाल."

"माझ्या पत्राची नाही, तुमच्या वहीची! दारादारात जाऊन अब्रूची लक्तरं टांगलीत लोकांच्या! त्यापेक्षा बोर्डच बरा होता, तो निदान ओरडत तरी नाही."

"सही घ्या असं तुम्हीच लिहिलंत."

"लिहिलं. चूक झाली माझी, शंभरदा झाली. पण वहीवर 'थकबाकीदार' मी नाही लिहिलं, आणि नेमकी पोरं न्यायच्या वेळी वॉचमनला मी नाही पाठवलं."

"त्या वेळी लोक घरी सापडतात!" ते तावातावानं म्हणाले. मग थोडे नरमले. "बरं, आता काय करायचं? दिलेली पत्रं परत घेऊ?"

त्यांच्याशी भांडता भांडताच मला सुचलं. "परत घेऊ नका. सगळ्यांना द्या. एकूण एक फ्लॅटला. ज्याची बाकी आहे त्याला बाकीचं, ज्याची नाही त्याला 'आपलं खातं पूर्ण, आभार' असं. पाकीट सारखं, वही एक, वर नुसतं 'खातेपत्रक'. सगळ्या दारात वॉचमन गेला की कुणाच्या दारात का गेला हे कोण विचारतं?"

"केवढा कागद जाईल!"

"माझ्या खर्चात घाला. काढा आधी. सुरुवात माझ्यापासून करा, चौथा मजला."

भाऊजींचा हात माऊसवर होता तो तिथेच राहिला. "तुमचं राहू द्या हो. घरच्याघरी काय."

मी बेचाळीस वर्षं या घराण्यात आहे. या भावांच्या तोंडावरची माशी हलली तरी मला कळतं. "काढा," मी म्हटलं.

प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला. आमच्या फ्लॅटचं खातं. आणि खाली बाकी. शून्य नव्हे, चांगली घसघशीत.

"हे काय?"

भाऊजी खाली बघत म्हणाले, "मागच्या सभेत मेंटेनन्स वाढला ना. दादा तेव्हा हॉस्पिटलात होता. तुमच्या बँकेतून दर महिन्याला आपोआप जातात ते जुन्याच दरानं जातात. शिवाय लिफ्टची वेगळी वर्गणी होती, ती राहिली. तसं बऱ्याच जणांचं झालंय, फरकाचे थोडे थोडे."

बिलं येत होती. पैसे आपोआप जातात म्हणून मी ती न उघडता ड्रॉवरमध्ये टाकत होते. मी! पत्रात शहाणपण शिकवणारी!

"ही रक्कम तुमच्या यादीतल्या शेवटच्या दोघांपेक्षा जास्त आहे," मी म्हटलं. "माझा नंबर यादीत का नव्हता?"

"असं काय करता वहिनी? तुमचं नाव बोर्डावर लावायचं? दादाचं? आत्ताच एवढ्या आजारातून उठलाय. लोक काय काय बोलले असते. घरच्या माणसाची..."

"घरच्या माणसाची काय? बोला ना. घरच्या माणसाची लाज काढवत नाही, असंच ना?"

ते टेबलावरचा माऊस उगाच सरळ करायला लागले.

"मग ती पोरगी कुणाच्या घरची नाही का, भाऊजी?"

भाऊजी वाईट माणूस नाहीत, तसे असते तर मी बोललेच नसते. त्यांनी लाल पेन काढून टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं, खिशाला लावलं. "मी बाकीची काढतो," ते म्हणाले. दुपारी पाकिटं भरायला हेसुद्धा हळूहळू, कठड्याला धरून, खाली उतरले. मी ओरडले, पण ऐकतील तर ना. फरकाच्या त्या सगळ्या किरकोळ बाक्या बेरजेला लावल्या तेव्हा कळलं की लिफ्टचं निम्मं बिल त्यातच होतं. ज्यांना फुकटे म्हणायचं ते आम्ही अर्धी बिल्डिंग निघालो.

संध्याकाळी, बरोबर त्याच वेळी, मी पहिल्या मजल्यावर जाऊन उभी राहिले. वॉचमन वही घेऊन आला, मागे पाकिटांचा गठ्ठा घेऊन भाऊजी. दारात कालचीच माणसं. वही दिसताच ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझं पाकीट आधी द्या," मी म्हटलं, जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "चौथा मजला. माझी बाकी आहे."

"वहिनी," भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले, "एवढं मोठ्यानं कशाला?"

"कालही मोठ्यानंच होतं." मी वही हातात घेतली. "मेंटेनन्स वाढलेला मला पत्ताच नाही. बिलं न उघडता ठेवली. आहे बाकी, देणार आहे, लपवायचं काय त्यात? पेन कुणाकडे आहे?"

भाऊजींचा हात खिशाकडे गेला, पण त्याआधी ताईनं आतून आणून दिलं. पोरांच्या चित्रकलेच्या डब्यातलं स्केचपेन होतं, हिरवं. माझं तोंड तापलं होतं, कान तापले होते, समोरचे सगळे माझ्या हाताकडे बघत होते आणि साधं नाव लिहिताना माझं अक्षर वेडंवाकडं आलं. काल या पोरीनं कडेवर मूल घेऊन हे केलं होतं.

मग भाऊजींनी स्वतःचं पाकीट घेतलं आणि सही केली. वॉचमननं बँकेतल्या बाईपुढे वही धरली. "मला कशाला? माझं सगळं भरलेलं असतं," ती म्हणाली, तरी सही केली आणि तिथेच पाकीट फोडलं. वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. तिचेही पैसे बँकेतून आपोआपच जात होते. कागदाची तिनं चौपदरी घडी केली आणि पर्सच्या अगदी आतल्या कप्प्यात घातली.

मी तिच्याकडेच बघत होते. विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं, किती महिन्यांची गं? नाही विचारलं.

जुळ्यांचे बाबा त्या दिवशी पोरांचे टॉवेल, वाट्या सगळं आवरून घेऊन गेले. त्यांना काय, ते सोसायटीतले नाहीत, त्यांना पाकीट नव्हतं. ती पोरं परत आली नाहीत, आणि त्याचा राग मला अजून आहे, जास्त करून स्वतःवर.

बँकेतली बाई मात्र मुलीला चपला घालून देत बराच वेळ खाली बसून होती. उठली तेव्हा तिनं ताईकडे नीट पाहिलं नाही, पण म्हणाली, "उद्या हिला जरा लवकर सोडीन. चालेल ना तुला?"

"चालेल," ताई म्हणाली आणि माझ्या हातातलं हिरवं स्केचपेन काढून घेऊन, टोपण लावून, पोरांच्या डब्यात ठेवून आली.